दोन औषधं थकली. आता आधी कीटो आहार की ऑपरेशन?

प्रश्न : माझी मुलगी ९ वर्षांची आहे, वजन २६ किलो. दीड वर्षाची असताना तापात तिला अर्धा तास फिट आली होती. सहाव्या वर्षापासून फिट परत सुरू झाल्या. आधी "पोटातून काहीतरी वर येतंय" म्हणते, घाबरून मला धरते. मग एकटक बघत राहते, काहीतरी चघळल्यासारखं तोंड करते, डावा हात कपड्यांशी चाळा करतो आणि उजवा हात वाकडा होऊन ताठ राहतो. दीड-दोन मिनिटांत थांबतं, पण पुढे पाच-सात मिनिटं तिला बोलता येत नाही, शब्द सापडत नाहीत. आठवड्याला तीन-चार वेळा होतं. ती उजव्या हातानं लिहिते. ऑक्सकार्बाझेपिन ४५० मिलिग्रॅम दोन वेळा आणि लेव्हेटिरॅसिटॅम ७५० मिलिग्रॅम दोन वेळा, वर्षभर न चुकता चालू आहे. आता क्लोबाझामचं सिरप वाढवलंय. दोन वर्षांपूर्वीचा एमआरआय नॉर्मल होता. ऑपरेशन करता येईल का ते तपासून घ्या, असं डॉक्टर म्हणतात. घरात सगळे धास्तावलेत. मेंदूला हात लावण्याआधी वर्ष-दोन वर्षं कीटो आहार करून बघावा, तो फसला तरच ऑपरेशनचा विचार करावा, असं आमचं ठरत आलंय. हे बरोबर आहे ना?

उत्तर : नाही, तुमच्या मुलीच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. ऑपरेशनसाठीची तपासणी आत्ताच सुरू करा आणि आहार करायचाच असेल तर ती तपासणी चालू असताना करा. तपासणीला होकार दिला म्हणजे ऑपरेशनला होकार दिला, असं होत नाही. तपासणीतून एवढंच कळतं की फिट मेंदूच्या नेमक्या कुठल्या जागेतून उठते आणि ती जागा काढली तर काय जाईल. हे हातात आल्यावरही नकार देता येतो. हे माहीत नसताना दोन वर्षं थांबणं मात्र महागात पडतं.

आधी औषधांचं बघू, कारण "औषधं फसली" हे बऱ्याचदा घाईनं म्हटलं जातं. मिरगीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१० साली याची व्याख्या ठरवून दिली आहे. फिटच्या प्रकाराला योग्य अशी दोन औषधं पुरेशा डोसमध्ये नीट घेतली, ती सोसवली आणि तरीही फिट थांबल्या नाहीत, तर ती औषधांना दाद न देणारी मिरगी. यातला "पुरेशा डोसमध्ये" हा भाग महत्त्वाचा आहे. अंगावर पुरळ आलं म्हणून आठवड्यात बंद केलेलं औषध या हिशेबात फसलेलं धरत नाहीत, कारण त्याची परीक्षाच झालेली नसते. तुमच्याकडे ऑक्सकार्बाझेपिन किलोमागे रोज सुमारे ३५ मिलिग्रॅम आणि लेव्हेटिरॅसिटॅम सुमारे ५८ मिलिग्रॅम पडतंय. दोन्ही डोस पुरेसे आहेत, दोन्ही औषधं या प्रकारच्या फिटसाठी योग्य आहेत आणि वर्षभर दिली गेली आहेत. म्हणजे व्याख्या पूर्ण झाली.

मग तिसऱ्या औषधाकडून किती आशा ठेवायची? नव्यानं निदान झालेल्या ४७० रुग्णांचा माग काढणारा एक गाजलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. पहिल्याच औषधानं ४७ टक्के रुग्णांच्या फिट थांबल्या. दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधानं थांबलेले जेमतेम १४ टक्के, आणि त्यातलेही बहुतेक दुसऱ्या औषधावरचे. पुढे याहून मोठ्या गटात पाहिलं तेव्हाही चित्र फारसं बदललं नाही. क्लोबाझाम चालूच ठेवा, त्यानं फिट कमी होऊ शकतात. पण "याचा परिणाम बघू, मग पुढचं ठरवू" म्हणून बाकीचं थांबवू नका. दोन औषधं निकामी ठरताच रुग्णाला ऑपरेशनच्या तपासणीसाठी पाठवावं, अशी शिफारस याच संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२२ साली केली आहे. तुमच्या डॉक्टरांनी घाई केलेली नाही.

आता तुमच्या पत्राकडे वळू. त्यात तुम्ही नकळत बरीच माहिती दिली आहे. पोटातून वर येणारी भीती, एकटक नजर, चघळणं आणि हाताचा चाळा हे सगळं कानशिलाच्या आतल्या बाजूला असलेल्या टेम्पोरल लोबकडे बोट दाखवतं. ताठ होऊन वाकडा राहणारा हात बहुधा फिट उठते त्याच्या विरुद्ध बाजूचा असतो आणि चाळा करणारा हात त्याच बाजूचा. इथे उजवा हात ताठ राहतो, डावा चाळा करतो. म्हणजे संशय डाव्या बाजूवर. फिट संपल्यावर पाच-सात मिनिटं शब्द न सापडणं याला दुजोरा देतं, कारण उजव्या हातानं लिहिणाऱ्या बहुतेकांची भाषा डाव्या मेंदूत असते. भर म्हणून दीड वर्षाची असतानाची ती अर्ध्या तासाची तापातली फिट. इतकी लांबलेली फिट आणि पुढे हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी पक्क्या करणारा टेम्पोरल लोबच्या आतला भाग, आक्रसून घट्ट होणं यांचा संबंध बऱ्याचदा आढळतो. पत्रावरून निदान होत नाही. पण फिट एकाच जागेतून उठत असण्याची शक्यता इथे ठळक आहे, आणि म्हणूनच आहार की ऑपरेशन या प्रश्नाचं उत्तर झुकतं.

कीटो आहार मेंदूतल्या एखाद्या जागेवर काम करत नाही. साखरेऐवजी चरबीपासून बनणाऱ्या कीटोनवर शरीर चालू लागलं की सगळ्या मेंदूची फिट देण्याची ओढ कमी होते. नेमकं कशामुळे, यावर अजून एकमत नाही, पण परिणाम होतो हे चाचण्यांत दिसलं आहे. रोजच्या रोज किंवा आठवड्याला सातहून जास्त फिट येणाऱ्या १४५ मुलांवर एक चाचणी झाली, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी आहार घेणाऱ्या गटातल्या ३८ टक्के मुलांच्या फिट निम्म्याहून कमी झाल्या होत्या, आहार न घेणाऱ्या गटात हे प्रमाण ६ टक्के होतं. फिट ९० टक्क्यांहून जास्त घटलेली मुलं मात्र आहाराच्या गटातही ७ टक्केच होती.

याच्या शेजारी ऑपरेशनचे आकडे ठेवून बघा. टेम्पोरल लोबची मिरगी असलेल्या ८० रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटून केलेली चाचणी २००१ साली आली. वर्षभरानंतर शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून पूर्ण मुक्त असलेले रुग्ण ऑपरेशनच्या गटात ५८ टक्के होते, फक्त औषधांवरच्या गटात ८ टक्के. मुलांवरची अशी चाचणी भारतात झाली आणि २०१७ साली प्रसिद्ध झाली. ११६ मुलं होती. वर्षानंतर फिटमुक्त मुलांचं प्रमाण ७७ टक्के विरुद्ध ७ टक्के. या चाचण्यांतले रुग्ण वेगवेगळे होते, त्यामुळे आकडे सरळ एकमेकांतून वजा करू नका. पण फरक कशाचा आहे तो लक्षात घ्या. आहाराच्या चाचणीत यश मोजलं ते फिट निम्म्यावर आल्या की, ऑपरेशनच्या चाचण्यांत मोजलं ते फिट पूर्ण थांबल्या की.

तपासणीत पहिला क्रमांक एमआरआयचा. जुना रिपोर्ट "नॉर्मल" आहे याचा अर्थ एवढाच, की त्या मशिनवर, त्या जाडीच्या कापांत, ते चित्र वाचणाऱ्या डॉक्टरांना काही दिसलं नाही. साध्या एमआरआयमध्ये दोन कापांमधलं अंतर पाच मिलिमीटरपर्यंत असू शकतं आणि आक्रसलेला हिप्पोकॅम्पस किंवा मेंदूच्या पापुद्र्यातला छोटासा जन्मजात दोष त्यातून सहज निसटतो. मिरगीसाठीचा एमआरआय शक्यतो तीन टेस्ला ताकदीच्या चुंबकाच्या मशिनवर, एक मिलिमीटरच्या कापांनी करतात आणि त्यातला एक संच हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात घेतात. मागणीच्या कागदावर "मिरगीच्या प्रोटोकॉलनुसार, डाव्या टेम्पोरल लोबवर संशय" असं स्पष्ट लिहून घ्या. कुठे बघायचं ते माहीत असलं की वाचणाऱ्याला सापडण्याची शक्यता वाढते. रोज मिरगीचेच एमआरआय वाचणाऱ्या डॉक्टरांना जुन्याच चित्रातही कधीकधी काही दिसतं, म्हणून जुनं फेकू नका.

दुसरी तपासणी व्हिडिओ ईईजीची. मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपायला डोक्याला तारा लावून, समोर कॅमेरा ठेवून मुलीला काही दिवस दवाखान्यात ठेवतात आणि देखरेखीखाली औषधं थोडी उतरवतात, म्हणजे फिट येते आणि तिची सुरुवात पकडता येते. घरी औषध चुकवायचं नाही असं बजावणारेच इथे ते कमी करतात, म्हणून पालक गोंधळतात. पण इथे शिरेत सुई लावलेली असते आणि फिट लांबली तर लगेच आवरता येते. या दिवसांत तुमचं कामही मोठं आहे. पोटात वर येतंय असं ती म्हणताच बटण दाबा. पांघरूण बाजूला करा, दोन्ही हात कॅमेऱ्याला दिसले पाहिजेत. तिच्या आणि कॅमेऱ्याच्या मधे उभं राहू नका. तिला मिठीत घट्ट धरू नका, कारण मग कुठला हात ताठ झाला ते कळत नाही. तिचं नाव विचारा, हातातली वस्तू दाखवून "हे काय?" विचारा, एक साधा शब्द लक्षात ठेवायला सांगा आणि फिट संपल्यावर तो विचारा. बोलणं नेमकं कितव्या मिनिटाला परत आलं, हे नोंदीवर मिळणं तुमच्या मुलीच्या बाबतीत फार मोलाचं आहे. बऱ्याच खोल्यांत आई-वडील धावत जाऊन मूल झाकतात आणि सगळ्यात उपयोगी फिट वाया जाते.

तिसरी बाजू भाषा आणि स्मरणशक्तीची. मानसशास्त्रज्ञ दोन-तीन तास तिच्याकडून गोष्टी आठवून घेतात, चित्रांची नावं विचारतात. भाषा खरंच डावीकडेच आहे का, हे फंक्शनल एमआरआयवर बघता येतं. मेंदूला लहानपणीच इजा झाली असेल तर काही मुलांत ती उजवीकडे सरकलेली सापडते. गरज वाटली तर पेट स्कॅन करतात. फिट उठणारी जागा एरवी साखर कमी वापरते, ती त्यात फिकी दिसते.

एमआरआय, व्हिडिओ ईईजी आणि स्मरणशक्तीच्या चाचण्या तिन्ही एकाच जागेकडे निर्देश करत असतील तर पुढचा रस्ता सरळ आहे. ते जुळत नसेल तर कवटीला बारीक छिद्रं पाडून मेंदूत पातळ तारा घालतात आणि फिटची सुरुवात आतून पकडतात. ते ऑपरेशन नव्हे, तपासणीच. पण त्यात थोडा धोका असतो, म्हणून प्रत्येकाची करत नाहीत. आणि सगळं करूनही "एक जागा नाही, ऑपरेशन करू नका" असं उत्तर येऊ शकतं. तेही उपयोगाचं उत्तर आहे. मग आहाराला तुम्ही मनात किंतु न ठेवता वेळ देऊ शकाल.

ऑपरेशनची भीती अस्थानी नाही, फक्त ती नेमक्या गोष्टीची असू द्या. घरात ज्याची धास्ती असते तो म्हणजे टेबलावरचा मृत्यू किंवा कायमचा लुळेपणा. टेम्पोरल लोबच्या ऑपरेशनात हे दोन्ही क्वचित होतं. २०१७ च्या चाचणीत ऑपरेशन झालेल्या ५७ मुलांपैकी १९ जणांना गंभीर त्रास झाला, हा आकडा तुमच्या वाचनात येईल. त्यातल्या १५ मुलांची एक बाजू अशक्त झाली. पण त्या चाचणीत मेंदूचा अर्धा भाग तोडून वेगळा करण्यासारखी मोठी ऑपरेशनंही होती आणि तिथे हा परिणाम आधीच माहीत असतो.

तुमच्या मुलीचा खरा प्रश्न वेगळा आहे, तो शब्दांच्या स्मरणशक्तीचा. डाव्या टेम्पोरल लोबमध्ये नावं, ऐकलेल्या गोष्टी, धड्यातले तपशील पक्के होतात. इथे ऐकायला उलटं वाटेल असं एक आहे. हिप्पोकॅम्पस जितका खराब झालेला असेल, तितकं काढताना कमी गमावतं, कारण तो आधीच काम करेनासा झालेला असतो आणि ते काम दुसरीकडे गेलेलं असतं. उलट एमआरआय स्वच्छ असेल आणि शब्दांची स्मरणशक्ती उत्तम असेल तर तोट्याची शक्यता वाढते. म्हणून सर्जनना मोघम "धोका किती?" विचारू नका. "तिच्या आत्ताच्या चाचण्या बघता शब्दांच्या स्मरणशक्तीत किती घट अपेक्षित आहे, आणि आठवड्याला तीन-चार फिट चालू राहिल्या तर त्याच स्मरणशक्तीचं पाच वर्षांनी काय होईल?" असं विचारा. दुसरा अर्धा प्रश्न विचारायचा राहून जातो. फिट येत राहणं हीसुद्धा काही न करण्याची किंमत आहे.

याशिवाय उजव्या बाजूला वरच्या कोपऱ्यात नजरेचा एक तुकडा जाऊ शकतो. रोजच्या वावरात मुलांना तो बहुधा जाणवत नाही, पण मोठेपणी गाडी चालवण्याच्या परवान्यात अडू शकतो. जखमेत जंतू होणं, रक्तस्राव, काही महिने उदास किंवा चिडचिडं राहणं यांबद्दलही आधी विचारून ठेवा. औषधं लगेच बंद होत नाहीत. ऑपरेशननंतरही ती बराच काळ चालतात आणि फिट नसतील तर मग हळूहळू उतरवतात. औषध सुटावं म्हणून ऑपरेशन करू नका, फिट सुटाव्यात म्हणून करा.

आता आहार. वजन उतरवण्यासाठी लोक करतात तो कीटो आणि मिरगीचा कीटो यांत नावाचंच साम्य आहे. मिरगीचा आहार १९२१ साली उपचार म्हणून मांडला गेला आणि तेव्हापासून तो औषधासारखा मोजून देतात. तुमच्या मुलीचा अंदाजे हिशेब करून दाखवतो, म्हणजे आपण कशाला हात घालतोय ते कळेल. समजा तिला दिवसाला १५०० कॅलरी लागतात. ४:१ प्रमाण म्हणजे ४ ग्रॅम चरबीला प्रथिनं आणि कर्बोदकं दोन्ही मिळून १ ग्रॅम. अशा एका भागातून ४० कॅलरी मिळतात, म्हणजे दिवसाला साडेसदतीस भाग. त्यातून चरबी १५० ग्रॅम आणि प्रथिनं-कर्बोदकं मिळून साडेसदतीस ग्रॅम. वाढीसाठी किलोमागे एक ग्रॅम, म्हणजे २६ ग्रॅम प्रथिनं त्यातून काढली की दिवसभराच्या कर्बोदकांना उरतात साडेअकरा ग्रॅम. दिवसभराचे. ३:१ प्रमाण ठेवलं तर ती २२ ग्रॅमच्या आसपास जातात आणि जेवण जरा सुसह्य होतं. हा हिशेब फक्त समजण्यासाठी आहे. तिचा खरा तक्ता आहारतज्ज्ञच बनवतील.

आता तुमच्या सिरपकडे बघा. बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये ३ ग्रॅम साखर लिहिलेली असेल आणि दिवसाला दोन वेळा ५ मिलिलिटर जात असेल, तर साडेअकरातले ६ ग्रॅम औषधातच संपले. मुलगी ताटातलं सगळं नीट खाते आणि तरी कीटोन वर चढत नाहीत, याचं कारण कितीदा तरी असं बाटलीत सापडतं. आहार सुरू होण्याआधी सगळी औषधं, अगदी ताप-खोकल्याचीसुद्धा, गोळीच्या किंवा बिनसाखरेच्या रूपात बदलून घ्यायची.

दुसरी गळती ताटात होते. एका जेवणात ५० ग्रॅम चरबी आणि साडेबारा ग्रॅम बाकीचं असं मोजून वाढलं, पण १० ग्रॅम तेल भांड्याला चिकटून राहिलं, तर तिच्या पोटात ४:१ नाही, ३.२:१ गेलं. म्हणून ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा लागतो, वाटी-चमच्याच्या मापानं हे चालत नाही. आणि भांडं मऊ रबरी उलथन्यानं पुसून ते तिला खाऊ घालावं लागतं. प्रत्येक जेवण त्याच प्रमाणात हवं. सकाळी कमी, रात्री भरपाई, असं करून जमत नाही.

सुरू करण्याआधी रक्त आणि लघवीच्या काही तपासण्या टाळायच्याच नाहीत. काही मुलांच्या शरीराला जन्मतःच चरबीवर चालता येत नाही: कार्निटिनची मूळ कमतरता, चरबीच्या ज्वलनाचे काही आजार, पायरुव्हेट कार्बोक्सिलेजची कमतरता. अशा मुलाला हा आहार दिला तर शरीराकडे चालायला इंधनच उरत नाही आणि ते कोमात जाऊ शकतं. तुमच्या मुलीच्या बाबतीत ही शक्यता कमी आहे, पण यूट्यूबवर बघून घरच्या घरी हा आहार का सुरू करायचा नाही, त्याचं हे एकच कारण पुरेसं आहे. शिवाय चरबीचं प्रमाण, यकृत, मूत्रपिंड, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि पोटाची सोनोग्राफी आधी करून ठेवतात, म्हणजे पुढे तुलना करता येते.

आता पूर्वीसारखं उपाशी ठेवून सुरू करावं लागत नाही. १:१ पासून काही दिवसांत वर चढवतात. पहिल्या आठवड्यात ती सुस्त होईल, उलट्या होऊ शकतात, साखर उतरू शकते. म्हणून पहिले दिवस बरेचदा दवाखान्यात काढतात. रक्तातले कीटोन साधारण २ ते ५ मिलिमोल प्रतिलिटर राहावेत, असं बघतात. घाम, थरथर, गळून जाणं दिसलं तर आधी साखर मोजा. ती खूप उतरली असेल तर किती रस द्यायचा हे आहारतज्ज्ञ आधीच लिहून देतात, तो कागद फ्रिजवर लावून ठेवा. पुढे नेहमीचा त्रास बद्धकोष्ठतेचा. पाणी कमी पडलं की तो वाढतो. पाणी कमी पडण्याचा दुसरा परिणाम मूतखडा. लघवी लालसर किंवा गढूळ दिसली, पोटात किंवा कमरेत दुखलं, तर थांबू नका. पुढे कधी टोपिरामेट किंवा झोनिसामाइड सुरू करायची गोष्ट निघाली तर आहाराची आठवण करून द्या, कारण ही औषधंही खड्याला हातभार लावतात. या आहारात जीवनसत्त्वं, कॅल्शियम, सेलेनियम पुरेसं मिळत नाही, म्हणून बिनसाखरेच्या पूरक गोळ्या पहिल्या दिवसापासून लागतात. दर तीन महिन्यांनी उंची-वजन मोजा. वाढ मंदावणं हा या आहाराचा सावकाश दिसणारा तोटा आहे.

आजारपणात एक चूक हमखास होते. जुलाब-उलट्यांसाठी नेलेल्या दवाखान्यात सवयीनं ग्लुकोजची बाटली लावतात आणि तासाभरात कीटोन खाली येऊन फिट उसळतात. "कीटो आहारावर आहे, ग्लुकोज नसलेलं सलाईन द्या, साखर तपासत राहा" असं न्यूरॉलॉजिस्टच्या सहीचं पत्र पिशवीत कायम असू द्या. साखर खरोखर उतरली असेल तर अर्थातच ग्लुकोज द्यावंच लागतं.

आहार चालतोय की नाही, हे ठरवायला तीन महिने पुरतात. फायदा व्हायचा तर तो बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच दिसू लागतो. कीटोन नीट असून तीन महिन्यांत फिटची वही तशीच असेल तर सोडून द्या. चिकाटीनं तो पुढे लागू पडेल, असं होत नाही. लागू पडला तर साधारण दोन वर्षं चालवून हळूहळू उतरवतात. एकदम तोडला तर फिट उसळू शकतात.

थोडा सैल प्रकारही आहे, सुधारित अॅटकिन्स. त्यात दिवसाला १० ते २० ग्रॅम कर्बोदकं ठरवून देतात, चरबी भरपूर खायला सांगतात आणि प्रत्येक घास तोलावा लागत नाही. तपासणीच्या वाट बघण्याच्या काळात नऊ वर्षांच्या मुलीला हा जास्त पेलेल, असं आमचं मत आहे. एक काळजी मात्र घ्या : पेट स्कॅन ठरला असेल तर तो आधी उरका, आहार नंतर. कीटोनवर चाललेला मेंदू सगळीकडेच साखर कमी घेतो आणि फिकी जागा वेगळी ओळखणं अवघड होतं. आणि आहारानं फिट आठवड्याला तीनवरून एकवर आल्या, तरी व्हिडिओ ईईजीची तारीख रद्द करू नका. इथेच घरं अडकतात. थोडं बरं वाटतं आणि दोन वर्षं निघून जातात.

हाच प्रश्न दुसऱ्या आईनं विचारला असता तर उत्तर वेगळं असतं. मेंदूत साखर पोचवणाऱ्या ग्लुट-१ या वाहकाचा जन्मजात दोष असेल तर कीटो आहार हाच पहिला उपचार. फिट मेंदूच्या अनेक जागांतून उठत असतील, मूल अंगातलं त्राण जाऊन धाडकन पडत असेल, ड्रावे सिंड्रोम हा तान्हेपणी सुरू होणारा मिरगीचा जनुकीय आजार असेल, किंवा फिटची जागा बोलण्या-चालण्याच्या केंद्रावरच असेल, तर आधी आहारच. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही.

तपासणीला जाताना तीन गोष्टी घेऊन जा. जुन्या एमआरआयची मूळ डिस्क. फिल्म किंवा नुसता रिपोर्ट पुरत नाही. मोबाइलवर काढलेले दोन-तीन फिटचे व्हिडिओ, सुरुवातीपासून ती पुन्हा बोलेपर्यंतचे. आणि एका कागदावर प्रत्येक औषधाचं नाव, सर्वांत जास्त डोस किती दिला, किती महिने दिला आणि का बदलला. तारीख मिळेपर्यंत फिट पाच मिनिटांपुढे गेली तर वापरायचा नाकातला मिडॅझोलामचा फवारा घरात आणि शाळेत आहे का, तो तिच्या वजनाच्या डोसचा आहे का, हे डॉक्टरांना आजच फोन करून विचारून घ्या.